पाचाच्या नोटेला साडेबारा लाख, पण आधी फक्त अकराशे पन्नास

महोदय, मी नाशिकला सिडकोत राहते. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे, तिच्या नंबरात शेवटी ७८६ आहे. शिवाय वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे, चार-पाच भोकाचे पैसे आणि आठ राणीछाप रुपये आहेत. मोबाइलवर जाहिरात पाहून मी फोटो पाठवले. एका गृहस्थांनी नोट आणि वैष्णोदेवीचे नाणे मिळून १२,६०,००० रुपयांना घेतो म्हणून सांगितले. रिझर्व्ह बँकेचे ओळखपत्र आणि शिक्क्याचे पत्रही पाठवले. मी रजिस्ट्रेशनचे १,१५० रुपये, एनओसीचे ५,६०० आणि विमा व पोचवण्याचे ९,२५० रुपये भरले. आता जीएसटीचे ३१,५०० मागत आहेत आणि मिळाल्यावर सगळे परत देऊ म्हणतात. न भरल्यास सौदा मोडल्याचा गुन्हा दाखल होईल असेही म्हणाले. आधार, पॅन आणि पासबुकाचे फोटो माझ्याकडून गेले आहेत. घरी यांना काही सांगितलेले नाही. हा शेवटचा हप्ता भरावा का? आणि त्या राणीछाप रुपयांचे काय करावे? त्यांच्याबद्दल ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत.

— एक वाचक, सिडको, नाशिक

ताई, ३१,५०० रुपये भरू नका, हे आपले पत्र मिळाले त्याच दिवशी मी आपल्याला फोनवर कळवले होते आणि सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यासही सांगितले होते. आपण ती नोंदवली, हे बरे झाले. या उत्तरात त्यामागची कारणे सविस्तर देतो, कारण गेल्या काही महिन्यांत याच स्वरूपाची आणखी पत्रे आली आहेत आणि प्रत्येक पत्रात नोट किंवा नाणे निराळे असले तरी पैसे मागण्याचा क्रम जवळजवळ तोच आहे.

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. डब्यातली खरोखर काही किंमत असलेली वस्तू म्हणजे ते आठ चांदीचे रुपये, आणि लाखोंचा भाव देणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. जुन्या नाण्यांत ज्याने आयुष्यातले चार दिवस तरी घालवले आहेत, असा माणूस डबा उघडताच आधी त्या रुपयांना हात घालतो, साल वाचतो आणि कडा पाहतो. त्यांनी तसे केले नाही, कारण त्यांना नाणे घ्यायचेच नव्हते. त्यांना पाहिजे होते ते आपले अकराशे पन्नास आणि त्यापाठोपाठ येणारे हप्ते.

अशा जाहिरातींत ट्रॅक्टरची नोट, वैष्णोदेवीचे नाणे आणि ७८६ क्रमांक हेच पुन्हा पुन्हा का दिसते, याचा विचार केला की सगळे कोडे उलगडते. वस्तू दुर्मिळ असावी म्हणून ती निवडलेली नसते, उलट ती घरोघरी सापडावी म्हणून निवडलेली असते. खरोखर दुर्मिळ नाण्याची जाहिरात केली तर शंभर गावांत एकाचाही फोन येणार नाही. ट्रॅक्टर असलेली पाचाची नोट मात्र आजही देव्हाऱ्यातल्या डबीत, पाकिटाच्या चोरकप्प्यात किंवा पोथीत खूण म्हणून ठेवलेली निघते. ती आजही चलनात आहे, म्हणजे तिने दुकानात पाच रुपयांची वस्तू घेता येते. वैष्णोदेवीचे नाणे श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल २०१२ साली काढले गेले आणि ते सर्वसाधारण व्यवहारासाठीच पाडलेले असल्यामुळे बाजारात मुबलक आले. संग्राहक स्मारक नाणी जमवतात हे खरे असले, तरी व्यवहारात हाताळलेल्या अशा नाण्याला दर्शनी किमतीच्या फार वर कोणी देत नाही.

७८६ चा हिशेब तर आपण स्वतः कागदावर मांडू शकता. नोटेच्या क्रमांकात आरंभी अक्षर-आकड्यांचा एक गट असतो आणि त्यापुढे सहा आकडे असतात. असा एक गट पूर्ण छापला की दहा लाख नोटा होतात. त्या दहा लाखांत शेवटचे तीन आकडे ७८६ असलेल्या नोटा एक हजार निघतात, आणि सहा आकड्यांत कोठेही सलग ७८६ आलेल्या नोटा मोजल्या तर त्या चार हजारांच्या घरात जातात. हे झाले एका गटाचे, आणि असे गट असंख्य छापले गेले आहेत. हा आकडा शुभ मानणारे लोक आहेत आणि तशी कोरी, घडी न पडलेली नोट कोणी हौसेने थोडे जास्त देऊन घेतोही, पण हौशी माणूस जे देतो त्याचा लाखाशी काही संबंध नसतो. नोटा छापण्याचे काम नाशिक रोडला १९२८ पासून चालत आले आहे. त्या कारखान्यात ज्यांची हयात गेली अशी कुटुंबे आपल्या आसपासच राहतात. त्यांपैकी एखाद्या जाणत्या माणसाला विचारले असते, तरी हा हिशेब त्याने तोंडी सांगितला असता.

आता पैशांच्या मागणीचा क्रम पाहू. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. अकराशे पन्नास रुपये गेले तरी घरात विशेष चर्चा होत नाही, आणि समोर बारा लाख दिसत असताना ते मागणे वावगेही वाटत नाही. पण त्या रकमेने दोन गोष्टी साधतात. आपण पैसे पाठवू शकता हे समोरच्याला कळते, आणि आपले पैसे आता त्याच्याकडे अडकले आहेत ही जाणीव आपल्याला चिकटते. दुसऱ्या मागणीच्या वेळी आपण बारा लाखांचा विचार करत नाही, आधीचे अकराशे पन्नास बुडू नयेत एवढाच विचार करतो. आपण भरलेल्या तीन रकमांची बेरीज १६,००० होते आणि चौथी मागणी एकटीच त्या बेरजेच्या जवळजवळ दुप्पट आहे. ती भरली असती तर पाचवी आली असती. इतर वाचकांच्या पत्रांवरून सांगतो, पाचव्या मागणीला बहुधा टीडीएस, प्राप्तिकर किंवा पेटी सील करण्याचा खर्च असे नाव असते, आणि त्याच सुमारास नोटांच्या बंडलांनी भरलेल्या सुटकेसचा व्हिडिओ येतो. त्या सुटकेसवर कधी कधी घेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठीही चिकटवलेली असते. चिठ्ठी लिहायला काय लागते?

या प्रत्येक मागणीला खऱ्या व्यवहारातले एक नाव दिलेले असते, म्हणून माणूस फसतो. त्या नावांमागची व्यवस्था कशी असते, हे एकदा समजले की पुढच्या वेळी पहिल्याच फोनला उत्तर देता येईल. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने द्यायच्या रकमेतून कापून घेतलेला कर. तो घेणाऱ्याने आधी भरायचा असता, तर त्याला कापलेला म्हटलेच नसते. जीएसटी हा नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याने आपल्या विक्रीवर आकारायचा कर आहे आणि घरात सापडलेली जुनी वस्तू एखाद्या गृहिणीने विकली म्हणून ती व्यापारी ठरत नाही. शिवाय मागितलेला आकडा पाहा. ३१,५०० म्हणजे १२,६०,००० चे बरोबर अडीच टक्के होतात. म्हणजे कायद्यातला दर लावून हा आकडा काढलेला नसून, आपण साधारण किती जमवू शकाल याचा अंदाज घेऊन त्याला टक्केवारीचे रूप दिले आहे. विम्याचेही तसेच. वस्तू अजून आपल्याच कपाटात असताना ती पोचवण्याचा विमा कशाचा उतरवला, हा प्रश्न त्या गडबडीत सुचत नाही, आणि तो सुचू नये म्हणूनच आज संध्याकाळी सहापर्यंत भरा असा तगादा असतो.

उरली एनओसी. घरातली जुनी नोट किंवा जुने नाणे दुसऱ्याला विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा ना हरकत दाखला लागत नाही आणि बँक तसा दाखला देतही नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याच फसवणुकीसंबंधी प्रसिद्धिपत्रक काढले. आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून काही लोक जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असल्याचे नमूद करून, असल्या व्यवहारांत आपण कधीही पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे आपल्याला आलेले ओळखपत्र खरे की खोटे हे तपासत बसण्याची गरजच उरत नाही. ज्या कामासाठी ते दाखवले, ते काम ती बँक करतच नाही.

खरा खरेदीदार कसा ओळखावा, असे आपण फोनवर विचारले होते. त्याच्या प्रश्नांवरून ओळखावा. नोट असेल तर तो दोन्ही बाजूंचे सरळ उजेडातले फोटो मागतो, क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे आणि गव्हर्नरांची सही विचारतो, आणि नोटेला घडी, टाचणीचे भोक किंवा डाग आहे का हे खोदून विचारतो, कारण एका घडीने तिची किंमत उतरते. नाणे असेल तर साल, वजन, कडेवरच्या रेघा आणि टांकसाळीची खूण विचारतो. आताच्या नाण्यांवर सालाखाली लहानसा हिऱ्याचा आकार असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे, एवढे तर शाळकरी संग्राहकालाही ठाऊक असते. आपल्या गृहस्थांनी नोटेच्या नंबराचा एक फोटो घेतला आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न आधार, पॅन आणि खात्याबद्दल विचारले. शिवाय खरा खरेदीदार वस्तू हातात घेतल्याशिवाय अंतिम भाव सांगतच नाही. फोटो पाहून दोन मिनिटांत लाखांत भाव सांगणाऱ्याला आपले नाणे खोटे निघण्याचीही धास्ती नाही, हेच मुळात विचित्र आहे.

लिलावाच्या मार्गाने विकायचे झाले तरी पैशांची दिशा तीच राहते. मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरू या शहरांत नाण्यांचे लिलाव करणाऱ्या पेढ्या आहेत. त्या वस्तू पाहून ती लिलावाला घ्यायची की नाही हे ठरवतात, पावती देतात, आणि वस्तू विकली गेली तर आपले कमिशन आलेल्या किमतीतून वजा करून उरलेले पैसे विकणाऱ्याला देतात. साध्या वस्तूला त्या सरळ नकार देतात, आणि असा नकार मिळणे हेही एक प्रकारचे मूल्यांकनच असते. विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधी पैसे द्यायचे, अशी रीत ना सराफ बाजारात आहे, ना भद्रकालीच्या भाजीबाजारात.

आपल्या हातून गेलेल्या १६,००० रुपयांबद्दल मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. १९३० वर तक्रार झाली की ज्या खात्यात रक्कम गेली त्या बँकेला तत्काळ कळवले जाते आणि ती तेथे किंवा तेथून पुढच्या खात्यात शिल्लक असेल तर गोठवली जाते. पण हे लोक आलेले पैसे काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरवून एटीएममधून काढून घेतात. त्यामुळे पहिल्या दोन रकमांची शक्यता कमी आहे, आणि ९,२५० पैकी काही सापडले तर ते आपण वेळीच केलेल्या तक्रारीमुळे सापडतील. गोठवलेली रक्कम मिळवण्यासाठी पुढे पोलिसांमार्फत प्रक्रिया करावी लागते, त्यात न्यायालयाचा आदेशही लागू शकतो आणि वेळही जातो.

काही वाचकांचा समज असतो की तीन दिवसांत कळवले की बँक पैसे भरून देते. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः पिन टाकून पैसे पाठवले आहेत, मग त्यामागे फसवणूक असली तरी तो व्यवहार त्या नियमात सहजासहजी बसत नाही. म्हणून बँकेला अर्ज जरूर द्या, पण तो भरपाईसाठी नव्हे, तर खात्यावर लक्ष ठेवण्यासाठी आणि पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडावा यासाठी.

फोनवर तक्रार दिल्यानंतर cybercrime.gov.in या संकेतस्थळावर ती पूर्ण करावी लागते. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील निराळा लिहा. तीन रकमा बहुधा तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेलेल्या आढळतील, आणि एकाच खरेदीदाराची तीन नावांची खाती असणे हा पुराव्याचाच भाग आहे. संतापाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण पुसू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, ओळखपत्र आणि पत्राचे फोटो जपून ठेवा, आणि मगच तो नंबर ब्लॉक करा. संकेतस्थळावरून मिळणारा पोचक्रमांक आणि या सगळ्याच्या छापील प्रती घेऊन शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात जा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड अशा प्रकरणांत लावले जाते. ही कलमे पाठ करण्याची गरज नाही, पण अर्जात आपण काय म्हणत आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

सौदा मोडल्याचा गुन्हा दाखल होईल, ही धमकी पोकळ आहे. पाच रुपयांची नोट न विकणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. यानंतर पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊ शकतो किंवा आपल्या आधार कार्डाचा फोटो चिकटवलेली नोटीस येऊ शकते. उत्तर देऊ नका, वाद घालू नका, फक्त स्क्रीनशॉट काढून तो तक्रारीला जोडा. त्याहून सावध राहावे लागेल ते थोड्या दिवसांनी येणाऱ्या गोड फोनपासून. आपले बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त दोन हजार फाइल चार्ज भरा, असे म्हणणारा कोणी वकील किंवा सायबर अधिकारी म्हणून बोलेल आणि त्याला आपण भरलेल्या रकमा रुपयापर्यंत ठाऊक असतील. त्या त्याला ठाऊक असतात, कारण तो बहुतेक त्याच टोळीतला असतो.

कागदपत्रांची बाब पैशांपेक्षा अधिक काळ लक्ष ठेवण्याची आहे. आधार, पॅन आणि पासबुक तिन्ही एकत्र गेले की त्यांचा उपयोग दुसऱ्या कोणाला फसवताना ओळख म्हणून होऊ शकतो. आपल्याला जे आधार कार्ड दाखवले गेले असेल, ते आपल्यासारख्याच एखाद्या फसलेल्या माणसाचे असण्याची शक्यता मोठी आहे. आधारचे बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपवरून लॉक करा. sancharsaathi.gov.in वर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत हे पाहता येते, त्यात अनोळखी नंबर दिसला तर तो तेथेच कळवा. वर्षातून एकदा विनाशुल्क मिळणारा क्रेडिट अहवाल दोन-तीन महिन्यांनी मागवून, आपल्या नावावर कोणी कर्ज तर घेतले नाही ना, हे तपासा. आणि आपल्या खात्यात अचानक काही हजार रुपये जमा झाले आणि चुकून आले, पुढे पाठवा असा फोन आला, तर एक रुपयाही पुढे न पाठवता बँकेत जाऊन लेखी कळवा. तो पैसा दुसऱ्या एखाद्या ताईंचा असू शकतो आणि तो पुढे पाठवला की तपासात आपले खाते त्या साखळीतली एक कडी ठरते.

घरी सांगण्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो आपल्या घरातला विषय आहे. खात्याचा तपशील बाहेर गेला आहे, बँकेत आणि पोलिसांत जावे लागणार आहे, आणि पुढचा धमकीचा फोन कदाचित आपल्या यजमानांनाच येईल. तो येण्याआधी त्यांना हे आपल्याकडून कळणे सोयीचे.

आता राणीछाप रुपये. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी असते. हिशेब केला तर एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी येते आणि आठ रुपयांत साधारण साडेपंच्याऐंशी ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा किलोचा भाव घेऊन त्याला हजाराने भागा आणि साडेपंच्याऐंशीने गुणा, म्हणजे डब्यातल्या रुपयांची धातू म्हणून किंमत किती, हे आपल्याला सराफाच्या पायरीवर चढण्यापूर्वीच कळेल. सराफ घट आणि आपला नफा धरून यापेक्षा थोडे कमी देईल, हे व्यवहाराला धरूनच आहे. झिजलेल्या रुपयांचे वजन थोडे कमी भरते, म्हणून ते समोर तोलून घ्या.

धातूपेक्षा अधिक किंमत मिळेल का, हे साल आणि अवस्था यांवर ठरते. रुपयावर ‘क्वीन’ हा शब्द असेल तर तो १८७६ पर्यंतच्या काळातला आणि ‘एम्प्रेस’ असेल तर त्यानंतरचा, १९०१ पर्यंतचा. १८६२ हे साल पाहून लोक हरखतात, पण ते साल पुढे कित्येक वर्षे पाडलेल्या रुपयांवरही तसेच कायम ठेवले गेले होते. त्यामुळे ते सर्वांत जुने दिसत असले तरी सर्वांत विपुल सापडणाऱ्यांपैकी आहे, आणि त्यातले ठिपक्यांचे बारीक फरक केवळ अभ्यासू संग्राहकच शोधतात. नाण्याचे वय आणि त्याची दुर्मिळता यांचा संबंध लोकांना वाटतो तितका सरळ नाही. कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडायला १८३५ साली सुरुवात केली, तरीही रामदरबार किंवा हनुमान असलेली ‘१८१८ ची ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी लाखांच्या भावाने सुचवली जातात. ती कंपनीची नाणीच नव्हेत, मागाहून बनवलेल्या देवादिकांच्या मुद्रा आहेत. याउलट जॉर्ज सहावा याच्या काळातला १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर कमी मिळतो आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही भरपूर असतात. आपल्या डब्यात तसा काही निघाला तर घाईने विकू नका आणि घाईने आनंदही मानू नका.

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले, युद्धात धातू वाचावा म्हणून मध्ये भोक पाडलेले. ते भरपूर सापडतात. मुलांना दाखवायला ते छान आहेत. विकायला काढण्याइतके त्यांत काही नाही.

विक्रीची घाई नसेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचे संग्रहालय एकदा पाहून या. ते खरेदी-विक्रीचे दुकान नाही, तेथे भाव विचारू नये. मात्र अस्सल नाण्यावरची अक्षरे किती रेखीव असतात आणि काळाने त्याच्यावर कसा रंग चढतो, हे डोळ्यांत बसले की पुढे कोणाशी बोलताना आपण अगदी कोऱ्या राहणार नाही.

सराफ बाजारात जाताना मात्र आठही रुपयांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, साल आणि वजन वहीत लिहा, किमान दोन पेढ्यांवर आणि जमल्यास एखाद्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवा, आणि पावतीशिवाय एकही रुपया कोणाकडे तपासायला म्हणून ठेवू नका. एखादा रुपया खोटा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, तसे रुपये जुन्या डब्यांतही मिसळलेले असतात. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेवर जोडाची बारीक रेघ आणि पृष्ठभागावर पुळ्यांसारखे उंचवटे दिसतात, आणि खऱ्या चांदीच्या रुपयाला लोहचुंबक चिकटत नाही. १९४७ चा रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. आणि नेण्यापूर्वी रुपये चिंच-मीठ, राख किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. वर्षानुवर्षे चढलेला तो काळपट थर संग्राहकाला पाहिजे असतो, आणि घासून लखलखीत केलेला रुपया त्याच्या दृष्टीने केवळ चांदीच्या वजनाचा उरतो.